विधेयकाचा कायदा कसा होतो: सगळे टप्पे लिहूनही दहापैकी चारच मार्क

शाल्मली_टीवाय
नमस्कार. मी टीवायबीएला आहे, राज्यशास्त्र, मराठी माध्यम. परवा चाचणीचे पेपर हातात मिळाले. प्रश्न असा होता: "संसदेत विधेयकाचे कायद्यात रूपांतर कसे होते ते टप्प्यांसह स्पष्ट करा. (10 गुण)" मला चार मिळाले.

मी पहिलं वाचन, दुसरं वाचन, समिती, तिसरं वाचन, दुसरं सभागृह, राष्ट्रपतींची संमती असे सगळे टप्पे क्रमाने लिहिले होते. प्रत्येकाखाली दोन-तीन ओळी, शीर्षकं अधोरेखित. समासात लाल शाईने एवढंच आहे: "टप्पे आहेत, प्रक्रिया नाही." याचा अर्थच मला कळला नाही. माझ्या पेपरातला एक भाग जसाच्या तसा देते:

"दुसऱ्या वाचनात विधेयकावर सविस्तर चर्चा होते व नंतर ते समितीकडे पाठवले जाते. समितीचा अहवाल आल्यावर तिसरे वाचन होते. त्यात पुन्हा चर्चा होऊन मतदान होते व विधेयक मंजूर होते."

यात चुकलं कुठे? विद्यापीठाची परीक्षा पुढच्या महिन्यात आहे आणि हा प्रश्न हमखास येतो.

घाटमाथा
ताई, सरळ आकृती काढ. चौकोन आणि बाण. 150 शब्दांची मर्यादा असते, एवढं वाचायला कुणाला वेळ नसतो. सुरुवात मंत्रालयातल्या मसुद्यापासून कर, मग मंत्रिमंडळाची मंजुरी, मग लोकसभा. राज्यसभेला 14 दिवस मिळतात, तेवढ्यात काही केलं नाही तर मंजूर धरतात. फेटाळलंच तर संयुक्त बैठक. मग राष्ट्रपती. संपलं. मी दोन वर्षं हेच लिहितोय.

शाल्मली_टीवाय
दादा, आमच्याकडे शब्दमर्यादा नाही, अडीच-तीन पानं अपेक्षित असतात. तुम्ही स्पर्धा परीक्षेचं सांगताय बहुतेक.

उत्तरपत्रिका_तपासनीस
शाल्मली, मी एकवीस वर्षं हाच पेपर शिकवला आणि तपासला. तुझ्या पेपरावरचा शेरा बरोबर आहे, फक्त फार त्रोटक आहे. उलगडून सांगतो.

आधी घाटमाथा यांचं. 14 दिवसांचा नियम फक्त धन विधेयकाला आहे. साधं विधेयक राज्यसभेत कितीही काळ पडून राहू शकतं आणि न बोलता मंजूर झालं असं कधीच होत नाही. ही चूक दर वर्षी निदान वीस पेपरांत असते आणि तिथे दोन मार्क जातात, कारण मग राज्यसभेचा सगळा टप्पाच खोटा ठरतो.

आता तुझं. प्रत्येक टप्प्यावर सभागृहापुढे एक प्रस्ताव असतो. सभागृह त्याला हो म्हणतं किंवा नाही म्हणतं. तो प्रस्ताव कोणता, आणि त्यातून विधेयकाचं काय काय होऊ शकतं, हे लिहिलंस की ती प्रक्रिया होते. "चर्चा होते" हे वाक्य तू तीनदा लिहिलं असशील. चर्चा सगळीकडेच होते, पण पहिल्या वाचनाला ती प्रथेने होत नाही. मंत्री विधेयक मांडायची परवानगी मागतात, विरोध असेल तर थोडक्यात निवेदनं होतात, परवानगी मिळते, विधेयक राजपत्रात छापलं जातं. बस.

दुसऱ्या वाचनाचे दोन भाग आहेत आणि तू ते एकत्र कालवलेस. पहिल्या भागात प्रश्न एवढाच असतो की हे विधेयक विचारात घ्यायचं का. इथे तत्त्वावर बोलायचं, खंडांवर नाही. आणि इथेच सभागृहापुढे वाटा फुटतात: लगेच विचारात घ्या, प्रवर समितीकडे पाठवा, दोन्ही सभागृहांच्या संयुक्त समितीकडे पाठवा, किंवा लोकमत अजमावण्यासाठी प्रसृत करा. म्हणजे समिती हा दुसऱ्या वाचनाच्या पोटातला टप्पा आहे, तू म्हणतेस तसा त्याच्यानंतरचा नाही. दुसऱ्या भागात खंडवार विचार होतो. एकेक खंड आणि त्यावरच्या दुरुस्त्या मताला टाकतात. विधेयकाचे शब्द इथे बदलतात. तिसऱ्या वाचनात आशय बदलता येत नाही, फक्त शाब्दिक किंवा ओघाने येणाऱ्या दुरुस्त्या चालतात. तिथे प्रश्न एकच: आहे तसं मंजूर करायचं की नाही.

तुझ्या त्या तीन वाक्यांत दोन ठिकाणी क्रम चुकला आणि खंडवार विचार सुटला. तिथेच चार-पाच मार्क गेले.

शाल्मली_टीवाय
सर, खूप आभार. पण मग स्थायी समिती कुठे बसते? पुस्तकात एका ठिकाणी स्थायी समिती आणि दुसऱ्या ठिकाणी प्रवर समिती आहे. मी दोन्ही एकच समजत होते. आणि मागच्या वर्षी वर्तमानपत्रात "चिकित्सा समिती" असाही शब्द वाचला होता.

उत्तरपत्रिका_तपासनीस
चिकित्सा समिती आणि प्रवर समिती एकाच जातीच्या. आपल्या विधिमंडळाच्या बातम्यांत चिकित्सा समिती लिहितात, पाठ्यपुस्तकं प्रवर म्हणतात. उत्तरात पुस्तकातला शब्द वापर.

स्थायी समिती मात्र वेगळी. खात्यांशी संबंधित स्थायी समित्या 1993 पासून आहेत. विधेयक मांडून झालं की लोकसभेचे अध्यक्ष किंवा राज्यसभेचे सभापती ते तिच्याकडे पाठवू शकतात. पाठवलंच पाहिजे असं बंधन नाही. तिचा अहवाल सल्ल्यासारखा असतो. प्रवर समिती सभागृह स्वतः प्रस्ताव करून नेमतं, फक्त त्या एका विधेयकासाठी. ती खंड न् खंड तपासते आणि विधेयक दुरुस्त करूनच परत देते. मग सभागृह त्या दुरुस्त मसुद्यावर पुढे जातं.

दोन्ही एकाच विधेयकाला लागलेल्या पाहायच्या असतील तर लोकपालचं विधेयक बघ. मी वर्गात तेच घ्यायचो, कारण त्यात जवळजवळ प्रत्येक टप्पा अडखळलेला आहे आणि म्हणून दिसतो. सुरळीत गेलेल्या विधेयकात टप्पे दिसतच नाहीत.

4 ऑगस्ट 2011 ला सरकारने लोकसभेत लोकपाल विधेयक मांडलं. चारच दिवसांनी ते कार्मिक, लोकतक्रार, विधी व न्याय या विषयांच्या स्थायी समितीकडे गेलं. त्याच महिन्यात अण्णा हजारे रामलीला मैदानावर उपोषणाला बसले. समितीचा अहवाल 9 डिसेंबरला आला. त्यातल्या शिफारशी इतक्या होत्या की सरकारने मूळ विधेयक मागे घेतलं आणि 22 डिसेंबरला नवं मांडलं, लोकपाल आणि लोकायुक्त विधेयक, 2011. म्हणजे पहिलं वाचन पुन्हा पहिल्यापासून. सल्ला बंधनकारक नसला तरी त्याने काय होऊ शकतं, ते इथे कळतं.

27 डिसेंबरला लोकसभेने ते मंजूर केलं. त्याच रात्री दुसरं एक विधेयक होतं, लोकपालला घटनात्मक दर्जा देणारी घटनादुरुस्ती. ती पडली. तेच सभागृह, तेच सदस्य, तीच रात्र. का पडली ते तू सांग, मग पुढचं सांगतो.

शाल्मली_टीवाय
घटनादुरुस्तीला विशेष बहुमत लागतं म्हणून. हजर असलेल्यांपैकी दोन तृतीयांश?

उत्तरपत्रिका_तपासनीस
अर्धं बरोबर. हजर राहून मतदान करणाऱ्यांपैकी दोन तृतीयांश हवेतच, पण शिवाय सभागृहाच्या एकूण सदस्यसंख्येचं बहुमतही हवं. तेव्हा लोकसभेची सदस्यसंख्या 545 होती, म्हणजे किमान 273. तेवढी मतं सरकारला जमली नाहीत. साध्या विधेयकाला फक्त हजर राहून मतदान करणाऱ्यांचं बहुमत पुरतं, म्हणून ते पार पडलं. बहुमताचे दोन प्रकार समजावायला याहून चांगलं उदाहरण माझ्या माहितीत नाही. पण तुझा प्रश्न साध्या विधेयकाचा असेल तर उत्तरात एका वाक्यापुरतंच घे.

पुढे राज्यसभा. 29 डिसेंबरला दिवसभर चर्चा झाली. 187 दुरुस्त्या आल्या होत्या. मध्यरात्र झाली आणि मतदान न होताच सभागृह तहकूब झालं. विधेयक ना मंजूर, ना नामंजूर. 21 मे 2012 ला राज्यसभेने ते प्रवर समितीकडे पाठवलं, समितीने नोव्हेंबरमध्ये अहवाल दिला आणि प्रत्यक्ष मंजुरी मिळाली 17 डिसेंबर 2013 ला, दुरुस्त्यांसह. त्या आठवड्यात अण्णा राळेगणसिद्धीत पुन्हा उपोषणाला बसलेले होते. माझ्या वर्गातली नगर जिल्ह्यातली दोन मुलं तिथे जाऊन आली होती आणि परत आल्यावर विचारत होती की सर, राज्यसभेने मंजूर केलं तरी लोक अजून बसून का आहेत. मी म्हटलं, कारण विधेयक आता लोकसभेकडे परत जाणार. दुसऱ्या सभागृहाने शब्द बदलले की पहिल्या सभागृहाने ते बदल मान्य करावे लागतात. संपूर्ण विधेयक पुन्हा नाही, फक्त ते बदल. 18 तारखेला लोकसभेने मान्य केले. 1 जानेवारी 2014 ला राष्ट्रपतींची संमती मिळाली.

बाभूळवन
मास्तर, समितीबद्दल मला एक सांगायचंय. आमचं गाव धरणात गेलेलं. 2011 साली भूसंपादनाचं नवं विधेयक लोकसभेत आलं आणि ते ग्रामीण विकासाच्या स्थायी समितीकडे गेलं. अध्यक्ष सुमित्रा महाजन, मूळच्या चिपळूणच्या, म्हणून आम्हाला वाटलं आपली बाजू ऐकतील. समित्या वर्तमानपत्रात जाहिरात देऊन सूचना मागवतात, हिंदी किंवा इंग्रजीत निवेदन द्यायचं असतं. आम्ही रात्री बसून मराठीत लिहिलं, मग तालुक्याच्या शाळेतल्या सरांकडून हिंदीत करून घेतलं. मुद्दा एकच होता. आमच्याकडे कसणारे आणि सातबाऱ्यावर नाव असलेले वेगळे आहेत, भरपाई कसणाऱ्यालाही मिळाली पाहिजे.

पुढे कायद्यात कसणाऱ्या कुटुंबांचा उल्लेख आला. तो आमच्या कागदामुळे आला असं मी म्हणत नाही, देशभरातून अशी निवेदनं गेली असणार. पण पोरीने लिहिताना एवढं लिहावं की समितीच्या टप्प्यावर बाहेरचा माणूस आत बोलू शकतो. बाकीच्या टप्प्यांवर आपल्याला गॅलरीत बसून बघायचंच असतं.

उत्तरपत्रिका_तपासनीस
बाभूळवन, तुम्ही लिहिलंत ते माझ्या एकवीस वर्षांतल्या एकाही उत्तरात आलेलं नाही. शाल्मली, समितीच्या परिच्छेदात हे एक वाक्य घेच.

तुमच्या विधेयकात आणखी एक शिकण्यासारखी गोष्ट आहे. मांडलं तेव्हा त्याचं नाव भूसंपादन, पुनर्वसन आणि पुनर्वसाहत असं होतं. कायदा झाला तेव्हा नाव न्याय्य भरपाईच्या हक्कापासून सुरू होत होतं. नाव बदललं ते खंडवार विचारात. तिथे एक पद्धत आहे: खंड दोनपासून सुरुवात करतात. खंड एक, म्हणजे संक्षिप्त नाव आणि प्रारंभ, मग अधिनियमन सूत्र आणि पूर्ण नाव हे सगळ्यांत शेवटी मताला टाकतात. कारण आतला मजकूर ठरल्याशिवाय नाव ठरत नाही. लोकपालमध्येही तेच. विधेयकावर 2011 होतं, मंजूर होईपर्यंत 2013 उजाडलं, म्हणून साल बदलायची दुरुस्ती खंड एकवर शेवटी करावी लागली. कायद्याच्या नावात 2013 आहे, पण संमती जानेवारीत मिळाल्यामुळे क्रमांक आहे 2014 चा अधिनियम क्रमांक 1. मुलं म्हणतात छपाईची चूक आहे. चूक नाही.

सांजवात
आमच्याकडे तर विधानपरिषद आहे ना? तिथे विधेयक अडलं तर नागपूरला अधिवेशन असताना संयुक्त बैठक घेतात असं मी मुलीला शिकवलं. तिची दहावी आहे. चुकीचं शिकवलं का?

उत्तरपत्रिका_तपासनीस
हो ताई, ते बदला. राज्यात विधेयकासाठी संयुक्त बैठक नाहीच. अधिवेशनाच्या सुरुवातीला राज्यपालांच्या अभिभाषणाला दोन्ही सभागृहं एकत्र बसतात, त्यावरून हा गैरसमज होत असेल. विधानपरिषद साधं विधेयक पहिल्यांदा तीन महिने रोखू शकते. विधानसभेने पुन्हा मंजूर करून पाठवलं की आणखी एक महिना. त्यानंतर ते मंजूर झालं असं धरतात. म्हणजे घाटमाथा यांचं "मंजूर धरतात" हे राज्याच्या बाबतीत चालतं, केंद्राच्या साध्या विधेयकाला चालत नाही.

घाटमाथा
बरोबर, 14 दिवसांचं माझं चुकलं, आज वही दुरुस्त करतो. पण मग संयुक्त बैठकीबद्दल मला विचारायचंय. सहा महिने झाले की संयुक्त बैठक घेता येते, हे मी नक्की वाचलंय. लोकपाल राज्यसभेत 29 डिसेंबर 2011 पासून 17 डिसेंबर 2013 पर्यंत होतं. जवळजवळ दोन वर्षं. मग सरकारने संयुक्त बैठक का नाही घेतली? लोकसभेत संख्या होती, एकत्र बसले असते तर लगेच झालं असतं.

वकिलीण_साताऱ्याची
मी उत्तर देते. अनुच्छेद 108 मध्ये सहा महिन्यांचा हिशेब कॅलेंडरचा नाही. सभागृहाचं सत्र संपलेलं असेल किंवा सलग चार दिवसांहून जास्त तहकुबी असेल, तर ते दिवस मोजायचेच नाहीत. राज्यसभा वर्षाला किती दिवस बसते ते पाहा. मधल्या सुट्ट्या वगळल्या की दोन कॅलेंडर वर्षांतही मोजणी सहा महिन्यांपर्यंत पोचायला वेळ लागतो. शिवाय "घेता येते" म्हणजे "घ्यावीच लागते" असं नाही. राष्ट्रपती सरकारच्या सल्ल्याने बोलावतात, सरकारला नको असेल तर नाही.

प्रत्यक्षात आजवर तीनदाच झाली आहे. 1961 ला हुंडाबंदी, 1978 ला बँकिंग सेवा आयोग रद्द करण्याचं विधेयक, 2002 ला पोटा. घटनादुरुस्ती आणि धन विधेयकाला ती नाहीच. म्हणून उत्तरात संयुक्त बैठक हा टप्पा म्हणून ओळीत लिहू नये, अडथळा आला तर असलेली वाट म्हणून लिहावा. तपासनीस सर, हे बरोबर ना?

उत्तरपत्रिका_तपासनीस
अगदी. मुलं ती सहावा टप्पा म्हणून लिहितात, जणू प्रत्येक विधेयक तिथून जातं.

वकिलीण_साताऱ्याची
आता एका बाबतीत मला सरांशी वाद घालायचाय. मसुद्याचा आणि मंत्रिमंडळाचा टप्पा उत्तरात हवाच. विधी मंत्रालय काय लिहितं यावर अर्धा कायदा ठरतो. घाटमाथा यांची सुरुवात मला योग्य वाटते.

उत्तरपत्रिका_तपासनीस
तुम्ही म्हणता ते खरं, पण प्रश्नात "संसदेत" हा शब्द आहे. संसदेबाहेरच्या गोष्टीला एक ओळ पुरे. त्यावर अर्धं पान घातलेली उत्तरं मी पाहिली आहेत, मग राष्ट्रपतींना दोन ओळी उरतात.

वकिलीण_साताऱ्याची
"संसदेत" नसेल तर? स्पर्धा परीक्षेत नुसतं "संसदीय लोकशाहीत" असं विचारतात. तिथे मी मंत्रिमंडळाला पूर्ण परिच्छेद देईन, कारण संसदीय पद्धतीत विधेयकं मंत्रीच आणतात. खासगी सदस्यांच्या विधेयकाला शुक्रवारची दुपार मिळते आणि 1970 नंतर त्यांतलं एकही कायदा झालेलं नाही.

उत्तरपत्रिका_तपासनीस
प्रश्नाचा शब्द बघून ठरवावं, इतपत मी मान्य करतो. पूर्ण परिच्छेद मी तरीही देणार नाही.

शाल्मली_टीवाय
मी राष्ट्रपतींच्या टप्प्याबद्दल विचारते. माझ्या पेपरात होतं: "राष्ट्रपती सही करतात, सही नाही केली तर विधेयक रद्द होतं." याला अर्धा मार्क मिळाला.

वकिलीण_साताऱ्याची
राष्ट्रपतींपुढे तीन वाटा आहेत. संमती द्यायची, संमती रोखायची, किंवा धन विधेयक नसेल तर पुनर्विचारासाठी परत पाठवायचं. परत पाठवलेलं विधेयक दोन्ही सभागृहांनी पुन्हा मंजूर केलं, बदल करून किंवा न करता, तर मग संमती रोखता येत नाही. 2006 मध्ये लाभाच्या पदांचं विधेयक डॉ. कलामांनी परत पाठवलं होतं. संसदेने ते पुन्हा मंजूर केलं आणि त्यांनी सही केली.

आणि किती दिवसांत सही करायची, हे अनुच्छेद 111 मध्ये लिहिलेलं नाही. 1986 चं टपाल दुरुस्ती विधेयक राष्ट्रपती झैलसिंग यांच्याकडे गेलं तेव्हा त्यांनी ना सही केली ना परत पाठवलं. तसंच राहिलं. ही चौथी वाट घटनेत कुणी लिहून ठेवलेली नाही, ती मुदत नसल्यामुळे तयार झालेली आहे. हे वाक्य लिहिलंस तर तपासणारा थांबून वाचेल.

शाल्मली_टीवाय
हे असं लिहिलंय. आज कॉलेजच्या ग्रंथालयात बसून, घड्याळ लावून, अठरा मिनिटांत. कृपया तपासा.

"संसदेत साधे विधेयक कोणत्याही सभागृहात मांडता येते. बहुतेक विधेयके मंत्री मांडतात, म्हणून मसुदा आधी मंत्रिमंडळाने मान्य केलेला असतो. पहिल्या वाचनात मंत्री मांडण्याची परवानगी मागतात. परवानगी मिळाल्यावर विधेयक राजपत्रात प्रसिद्ध होते. यावर प्रथेनुसार चर्चा होत नाही. यानंतर अध्यक्ष किंवा सभापती ते स्थायी समितीकडे पाठवू शकतात. समिती जनतेकडून निवेदने मागवते. सामान्य नागरिक प्रक्रियेत सहभागी होऊ शकतो तो मुख्यतः इथे. तिचा अहवाल बंधनकारक नसतो, पण परिणामकारक असू शकतो. 2011 चे लोकपाल विधेयक अशा अहवालानंतर मागे घेऊन नव्याने मांडले गेले.

दुसऱ्या वाचनाच्या पहिल्या भागात विधेयकाच्या तत्त्वावर चर्चा होते आणि ते लगेच विचारात घ्यावे, प्रवर अथवा संयुक्त समितीकडे पाठवावे की लोकमतासाठी प्रसृत करावे हे सभागृह ठरवते. दुसऱ्या भागात प्रत्येक खंड व दुरुस्ती मताला टाकली जाते. विधेयकाचा मजकूर प्रत्यक्षात इथेच बदलतो. तिसऱ्या वाचनात केवळ शाब्दिक दुरुस्त्या चालतात आणि संपूर्ण विधेयक मंजूर करण्याच्या प्रस्तावावर मतदान होते. हजर राहून मतदान करणाऱ्यांचे बहुमत पुरते.

दुसऱ्या सभागृहात हेच टप्पे होतात. ते सभागृह विधेयक मंजूर करू शकते, फेटाळू शकते, दुरुस्त्या सुचवू शकते किंवा प्रलंबित ठेवू शकते. दुरुस्त्या झाल्यास त्या पहिल्या सभागृहाने मान्य कराव्या लागतात. लोकपाल विधेयक राज्यसभेने 17 डिसेंबर 2013 ला दुरुस्त्यांसह मंजूर केले व दुसऱ्या दिवशी लोकसभेने त्या मान्य केल्या. मतभेद कायम राहिल्यास अनुच्छेद 108 नुसार राष्ट्रपती संयुक्त बैठक बोलावू शकतात. आजवर असे तीनदाच घडले आहे.

शेवटी विधेयक राष्ट्रपतींकडे जाते. ते संमती देऊ शकतात, रोखू शकतात किंवा पुनर्विचारासाठी परत पाठवू शकतात. संसदेने पुन्हा मंजूर केल्यास संमती द्यावी लागते. यासाठी मुदत नाही. राष्ट्रपतींनी सही केल्यावर कायदा देशात लागू होतो."

उत्तरपत्रिका_तपासनीस
साडेसात ते आठ. चाचणीच्या चारवरून इथपर्यंत आलीस.

शेवटचं वाक्य खोड. सहीने विधेयकाचा कायदा बनतो. लागू कधी होतो हे त्याच कायद्याच्या पहिल्या कलमात असतं, आणि अनेकदा तिथे लिहिलेलं असतं की केंद्र सरकार अधिसूचनेने तारीख ठरवील. लोकपालला सही 1 जानेवारी 2014 ला मिळाली, अंमल सुरू झाला 16 जानेवारीला आणि पहिला लोकपाल नेमला गेला मार्च 2019 मध्ये. या तीन वेगळ्या तारखा आहेत. शिवाय एक सूक्ष्म गोष्ट: विधेयकात असतो तो "खंड", कायदा झाल्यावर तोच "कलम" होतो, आणि घटनेत "अनुच्छेद". तू खंड आणि अनुच्छेद नीट वापरलेस, ते टिकव.

लोकसभा विसर्जित झाली तर काय, ही ओळही घाल. लोकसभेत प्रलंबित असलेलं आणि लोकसभेने मंजूर करून राज्यसभेत पडून असलेलं, दोन्ही विधेयकं रद्द ठरतात. राज्यसभेत मांडलेलं आणि लोकसभेकडे गेलेलंच नाही, असं विधेयक टिकतं. लोकपाल डिसेंबर 2013 ऐवजी मे 2014 पर्यंत रेंगाळलं असतं तर पंधराव्या लोकसभेबरोबर गेलं असतं. महिला आरक्षणाचं विधेयक तसंच गेलं. ते राज्यसभेने मार्च 2010 मध्ये मंजूर केलं होतं, पण लोकसभेत पडून राहिलं.

घाटमाथा
सर, एवढं सगळं 150 शब्दांत कसं बसवायचं? लोकपालची उदाहरणं काढली तर बसतं, पण मग माझं उत्तर पुन्हा ताईच्या पहिल्या उत्तरासारखं दिसतं.

वकिलीण_साताऱ्याची
उदाहरण एकच ठेवा, दुसऱ्या सभागृहाचं. तारखा काढा. पहिल्या वाचनाला पाच शब्द द्या.

उत्तरपत्रिका_तपासनीस
मी उलट करीन. उदाहरण समितीच्या टप्प्यावर ठेवीन आणि दुसरं सभागृह नुसत्या चार क्रियापदांत उरकीन: मंजूर, नामंजूर, दुरुस्त, प्रलंबित. दोन्ही लिहून बघा आणि इथे टाका.

बाभूळवन
मीही वाचतो मग. शाल्मली, ते निवेदनाचं वाक्य ठेवलंस, बरं वाटलं. फक्त "सामान्य नागरिक" ऐवजी "ज्याला कायद्याचा फटका बसणार आहे तो" असं लिहिता आलं तर बघ.

शाल्मली_टीवाय
बदलते काका.